पोचल्याचा फोन

मुलगा कोल्हापूरहून पुण्याला निघाला की आईच्या मनातलं घड्याळ सुरू होतं. दहाची एसटी म्हणजे साडेबाराला सातारा, तीन-सव्वातीनला पुणं. तीन फोन ठरलेले: निघालास का, साताऱ्याला आलास का, हॉस्टेलवर पोचलास का. एका रविवारी तिसरा फोन लागला नाही. तिने व्हॉट्सअ‍ॅप उघडून तो शेवटचा कधी ऑनलाइन होता ते पाहिलं, त्याच्या खोलीतल्या मित्राला फोन केला, टीव्हीवर महामार्गाची काही बातमी आहे का ते पाहिलं, मग नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही एकदा लावून बघा ना." चाळीस मिनिटांनी मुलाचा फोन आला. बॅटरी संपली होती. तिचा जीव भांड्यात पडला आणि रात्री नऊपर्यंत भांड्यातच राहिला. नऊ वाजता नवा विचार आला: उद्या पेपर आहे, हा नीट जेवला असेल का?

ही आई कुणी एक बाई नाही. समुपदेशनाच्या खोलीत माझ्यासमोर बसलेल्या अनेकींच्या हकिकतींतून मी ती इथे जुळवली आहे. वय ४६, एका पतसंस्थेत हिशेबाचं काम. ती काळजीची तक्रार घेऊन आली नव्हती. मान आखडते, पहाटे तीनला जाग येते, दिवसभर गळून गेल्यासारखं होतं, अशी तक्रार होती. फॅमिली डॉक्टरांनी रक्त आणि थायरॉइड तपासलं, काही सापडलं नाही, म्हणून पाठवलं होतं. या आजाराचे बरेच रुग्ण असेच शरीराच्या वाटेने येतात. आजाराचं नाव जनरलाइज्ड अँक्झायटी डिसऑर्डर, मराठीत सार्वत्रिक चिंताविकार. सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ, बहुतेक दिवशी, एका नव्हे तर अनेक विषयांची काळजी. ती थांबवू म्हटलं तर थांबत नाही. आणि जोडीला अस्वस्थता, थकवा, चिडचिड, एकाग्रता न होणं, स्नायू ताठरणं, झोप बिघडणं यांतली किमान तीन लक्षणं, अशी त्याची ढोबळ व्याख्या. 'मन चिंती ते वैरी न चिंती' ही आपली म्हण या माणसांना रोज लागू पडते.

अशा माणसाला घरचे काय सांगतात? "काही होत नाही, उगीच विचार करू नकोस." आम्ही उपचार करणारेही बराच काळ याच सुरात, फक्त जास्त पद्धतशीरपणे बोलायचो: अपघात होण्याची शक्यता किती, पुरावा काय, मोजून बघू. माझ्या मते ही वाट या आजारात फार लांबवर नेत नाही. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातल्या लाफ्रेनियर आणि न्यूमन यांनी २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. चिंताविकार असलेल्या २९ जणांनी आपल्या काळज्या लिहून ठेवल्या आणि पुढे महिनाभर कोणत्या खऱ्या ठरतात ते पाहिलं. सुमारे ९१ टक्के खऱ्या ठरल्याच नाहीत. मी हा आकडा मोठ्या उमेदीने त्या आईला सांगितला असता तर तिने काय विचारलं असतं ते मला ठाऊक आहे, कारण अनेकांनी विचारलं आहे: "मग उरलेले नऊ टक्के?" शक्यता कितीही लहान केली तरी शून्य होत नाही, आणि हिला शून्यच हवं असतं.

नेमकं इथेच बोट ठेवलं ते कॅनडातल्या क्वेबेक शहरातल्या लावाल विद्यापीठातल्या मंडळींनी. १९९० च्या दशकात रॉबर्ट लादुसर, मार्क फ्रीस्टन आणि मिशेल दुगा हे मानसशास्त्रज्ञ एकच प्रश्न धरून बसले होते: लोक काळजी का करतात? त्यांना दिसलं ते असं, की सतत काळजी करणाऱ्याला धोक्याइतकाच, कदाचित धोक्याहूनही जास्त, 'माहीत नसण्या'चा त्रास होतो. १९९४ मध्ये त्यांनी हा गुण मोजायला फ्रेंचमध्ये २७ विधानांची प्रश्नावली केली, आणि १९९८ मध्ये त्यावर उभं राहिलेलं आजाराचं प्रारूप मांडलं. अनिश्चितता सहन न होणं हा त्याचा कणा. ते याला अ‍ॅलर्जीसारखं समजावतात. ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्याला कणभर पदार्थानेही पुरळ उठतं, शेजारच्याला मूठभर खाऊनही काही होत नाही. तसंच इथे. फोन न लागणं ही सगळ्यांसाठी लहानशी अनिश्चितता असते. हिच्या मनाला तेवढ्याने पुरळ उठतं.

असं असेल तर उपाय दोनच. जगातली अनिश्चितता काढून टाकायची, किंवा ती सोसायची ताकद वाढवायची. आजवर ती आई पहिला उपाय करत आली होती. तीन फोन, मित्राला विचारणं, बातम्या बघणं, ऑफिसचं प्रत्येक पत्र चारदा वाचणं, डोकं दुखलं की मोबाइलवर आजार शोधणं ही सगळी खात्री मिळवायची धडपड. तिच्याच दुसऱ्या बाजूला टाळाटाळ: निर्णय लांबवणं, कुणाकडे काम न सोपवणं, लग्नाला जायचं की नाही ते शेवटच्या दिवसापर्यंत न सांगणं. या प्रत्येक कृतीने घटकाभर बरं वाटतं, आणि म्हणूनच ती पक्की होत जाते. फोन लागला की मन शिकतं: फोन केला म्हणून मी वाचले. फोन न करताही ती संध्याकाळ निभावली असती, हे शिकायची संधी मात्र मनाला मिळतच नाही.

व्यायाम सुरू करण्याआधी एक गाठ सोडवावी लागते. मराठीत ती जरा जास्तच घट्ट आहे. आपण काळजी 'घेतो' आणि काळजी 'करतो', आणि दोन्हींसाठी शब्द एकच. दुसऱ्या भेटीत मी त्या आईला विचारलं, की ही काळजी उद्या सकाळी नाहीशी झाली तर काय गमावल्यासारखं वाटेल? ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मग मी आई कसली?" लावालच्या प्रारूपात याला काळजीबद्दलच्या चांगल्या समजुती म्हणतात: काळजी म्हणजे माया, काळजी केली की वाईटाची तयारी होते, काळजी केल्यामुळेच आजवर काही झालं नाही. या समजुती शाबूत असताना कुणी काळजी सोडत नाही, आणि त्यांची टिंगल केली तर माणूस पुन्हा येत नाही. आम्ही कागदाच्या मधोमध रेघ मारली. एका बाजूला मुलासाठी तिने काय 'घेतलं': फी वेळेवर भरली, तापात रात्र जागून काढली, डबा केला. दुसऱ्या बाजूला काय 'केलं': पहाटे तीनला जागून त्याच्या अपघाताचा विचार केला. मग विचारलं, "दुसऱ्या बाजूचं त्याला काय मिळालं?" तिने उत्तर दिलं नाही, आणि मीही आग्रह धरला नाही. पुढच्या आठवड्यात तिनेच सांगितलं, की मुलगा म्हणतो, आई, तुझा फोन आला की मला टेन्शन येतं.

त्याच आठवड्यात वही सुरू झाली. दिवसातून तीनदा, ठरलेल्या वेळी, तेव्हा मनात असलेली काळजी एका ओळीत लिहायची आणि पुढे खूण करायची: हे आज समोर असलेलं काम आहे की 'जर तसं झालं तर' आहे? खोलीभाडं १० तारखेला भरायचं आहे आणि पैसे कमी पडताहेत, ही पहिल्या जातीची. मुलाला नोकरीच लागली नाही तर, ही दुसऱ्या जातीची. दोन्हींचे उपचार वेगळे. पहिलीला उपाय शोधायचा: प्रश्न नेमका मांडायचा, पर्याय काढायचे, एक निवडायचा, करून बघायचा. इथेही अनिश्चितता आडवी येते, कारण कुठलाच पर्याय शंभर टक्के खात्रीचा नसतो आणि ही मंडळी शंभराची वाट बघत बसतात. दुसरीकडे पुढे वळू.

आता मुख्य भाग. अनिश्चिततेचे व्यायाम म्हणजे धाडस नव्हे, प्रयोग. प्रयोगात आधी अंदाज लिहावा लागतो. वहीच्या पानावर चार रकाने आखले: मी काय करणार, काय होईल अशी भीती वाटते, प्रत्यक्षात काय झालं, आणि वाईट झालं असल्यास मी ते कसं निभावलं. दुसरा रकाना कृतीच्या आधी भरायचा. नंतर भरला तर मन सोयीस्करपणे म्हणतं, मला तसं काही वाटलंच नव्हतं. कृती लहान हवी. शून्य ते दहा अशा अवघडपणाच्या मापात दोन-तीनपासून सुरुवात, आणि आठवड्याला दोन-तीन प्रयोग. मुलाचे फोन तिने नऊवर ठेवले होते, म्हणून तिथून सुरुवात केली नाही.

पहिला प्रयोग साडीचा. भावजयीला द्यायची साडी बहिणीला फोटो न पाठवता एकटीने निवडायची. भीतीच्या रकान्यात लिहिलं: तिला आवडणार नाही, तोंडावर बोलणार नाही, मनात ठेवील. झालं ते असं, की भावजय म्हणाली, "ताई, रंग छान आहे, पण माझ्याकडे असाच आहे." चौथ्या रकान्यात तिच्या अक्षरात आहे: दुकानात जाऊन बदलून आणली, वीस मिनिटं लागली. दुसरा प्रयोग ऑफिसातल्या पत्रांचा. साधी पत्रं चारदा न वाचता एकदाच वाचून पाठवायची. पहिले दोन आठवडे काही घडलं नाही. तिसऱ्या आठवड्यात एका पत्रावर मागच्या महिन्याची तारीख गेली.

या क्षणासाठी मी थांबून राहिलेला असतो, कारण प्रयोग खरा असेल तर कधी ना कधी चूक होणारच, आणि उपचाराचा कस तेव्हाच लागतो. तिचा अंदाज होता: साहेब सगळ्यांसमोर बोलतील, माझ्यावरचा विश्वास उडेल. साहेबांनी बोलावलं, म्हणाले, "तारीख बघा जरा." तिने बदलून दुसरं पत्र पाठवलं. दुपारभर छातीत धडधड होती, हेही तिने प्रामाणिकपणे लिहिलं. माझ्याकडे आल्यावर तिचं पहिलं वाक्य होतं, "बघा, मी म्हटलं होतं ना!" आम्ही दोन रकाने शेजारी ठेवून वाचले. चूक होईल हा अंदाज खरा ठरला होता. चुकीनंतर जे होईल असं वाटलं होतं, ते झालं नव्हतं. वाईट झालं तर मला झेपणार नाही, या समजुतीला पहिला तडा तिथे गेला. सगळे प्रयोग सुरळीत पार पडले असते तर तो गेलाच नसता.

मुलाच्या फोनांवर आम्ही सातव्या आठवड्यात आलो. तीनचे दोन, दोनाचा एक, आणि शेवटी त्याला वाटेल तेव्हा त्याने करायचा. पहिल्या आठवड्यात ती हसत आली: "जमलं, साताऱ्याचा फोन केला नाही." अजिबात त्रास झाला नाही, हेही वर सांगितलं. अनुभव असलेला समुपदेशक इथे सावध होतो. जो व्यायाम नऊच्या अवघडपणाचा होता तो त्रासाविना पार पडला, म्हणजे खात्री दुसऱ्या कुठल्या तरी दारातून आत आली आहे. विचारल्यावर कळलं, फोनऐवजी दर दहा मिनिटांनी व्हॉट्सअ‍ॅपवर तो ऑनलाइन आला का ते ती बघत होती. तिने फसवलं नव्हतं. ते तपासणं आहे हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. मग तेही वहीत आलं, आणि पुढच्या रविवारी खरा व्यायाम झाला. अडीच तास ती अस्वस्थ होती. दर पंधरा मिनिटांनी अस्वस्थतेला दहापैकी गुण द्यायचे होते. आठ, नऊ, आठ, आठ, सहा, मग तिने भाजी निवडायला घेतली आणि दोन नोंदी राहून गेल्या, मग चार. मुलाचा फोन संध्याकाळी साडेपाचला आला. पण चार हा आकडा त्याच्या आधीचा आहे, आणि मी तिला तोच पुन्हा वाचायला लावला.

दुसरा चोरदरवाजा म्हणजे आम्ही स्वतः. "हे केलं तर चालेल ना हो?" या प्रश्नाला "हो, काही होणार नाही" असं उत्तर दिलं, की उपचार करणाराच पोचल्याचा फोन होऊन बसतो. मी म्हणतो, "मलाही माहीत नाही. तुम्ही अंदाज लिहा." हे कोरडं वाटतं, म्हणून आधी सांगून ठेवतो की मी असं का बोलणार आहे. घरच्यांनाही एकदा बोलावून घेतो. तिच्या नवऱ्याने "अगं, येईल फोन, बस जरा" ऐवजी "तुला आत्ता खात्री हवीय, हो ना? चल, चहा ठेवू," असं म्हणायचं ठरलं. त्याला ते जड गेलं, कारण बायकोची समजूत घालणं हीच त्याची वीस वर्षांची माया होती.

काय सोडायचं आणि काय नाही, याचाही विवेक लागतो. गॅस एकदा बघणं हे शहाणपण, पाचदा बघणं हा आजार. लोकांच्या ठेवींचा ताळा तिने नियमाप्रमाणे करायचाच होता. प्रयोग होता तो नियमाबाहेरच्या चौथ्या तपासणीचा. कसोटी साधी आहे: याच कामावरचा दुसरा समंजस माणूस किती वेळा बघेल?

आता 'जर तसं झालं तर' या जातीच्या काळज्या. त्यांना उपाय नसतो, म्हणून मन त्यांच्याभोवती शब्दांचा फेर धरतं आणि नेमकं चित्र बघायचं टाळतं. मॅन्युअलमध्ये यासाठी लेखन आहे: सगळ्यात भयंकर वाटणारा प्रसंग वर्तमानकाळात, वास-आवाजांसह, मधे दिलासा न देता लिहायचा, साधारण अर्धा तास, आठवड्यातून अनेक दिवस, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा. आपल्याकडे इथे एक अडचण येते जी कॅनडातल्या पुस्तकात नाही. ती म्हणाली, "असं अभद्र घरात बसून लिहायचं? वास्तू तथास्तु म्हणते." मी श्रद्धेवर वाद घालत नाही. विचारलं, "मग पहाटे तीनला रोज हेच मनात येतं, तेव्हा वास्तू काय म्हणते?" ती विचारात पडली. पहिलं लेखन तिने माझ्या खोलीत केलं, तिन्हीसांज टाळून. विषय तिनेच निवडला: मुलाला नोकरी न मिळणं. मृत्यूपासून सुरुवात करायची गरज नव्हती, आणि तशी करूही नये. पहिल्या दिवशी हात कापत होता. आठव्या लेखनाला ती म्हणाली, "तेच तेच लिहून कंटाळा आला." या उपचारात कंटाळा ही चांगली खूण आहे.

एकूण १४ भेटी झाल्या. साधारण एवढ्याच लागतात. लादुसर यांच्या २००० सालच्या चाचणीत २६ रुग्ण होते आणि उपचारानंतर ७७ टक्क्यांमध्ये निदानाचे निकष उरले नव्हते. पुढे दुगा आणि सहकाऱ्यांनी बाकीचं सगळं बाजूला ठेवून फक्त अनिश्चिततेचे प्रयोग, १२ भेटींत, ६० जणांच्या चाचणीत पारखले. २०२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि प्रतीक्षायादीवर थांबलेल्यांपेक्षा उपचार घेतलेल्यांत स्पष्ट सुधारणा होती. आकडे आशादायक आहेत, पण चाचण्या लहान आहेत, आणि प्रत्येक चाचणीत काही माणसं फारशी बदलत नाहीत. नैराश्य खोल असेल, आत्महत्येचे विचार येत असतील, दारू सुरू असेल, तर आधी ते हाताळावं लागतं आणि मनोविकारतज्ज्ञाकडून औषधंही लागू शकतात. घरात मारहाण असलेल्या बाईची भीती ही अनिश्चिततेची अ‍ॅलर्जी नसते. तिला प्रयोग देणं हा अन्याय आहे. कुठे जावं हे सुचत नसेल त्यांच्यासाठी सरकारची टेली-मानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा मराठीतही बोलते.

शेवटच्या दोन भेटी मी पंधरवड्याच्या अंतराने ठेवतो आणि त्यात एकच गोष्ट बोलतो: काळजी परत केव्हा येईल. ती येतेच, आजारपणात, बदलीत, लग्नकार्यात. त्या आईने यादी केली आणि त्यात पहिलं लिहिलं, मुलाची पहिली नोकरी. वर्षभराने तो हैदराबादला रुजू झाला. पहिल्या आठवड्यात तिने त्याला दिवसाला पाच फोन केले. मग जुनी वही काढली, नवं पान आखलं आणि साडीपासून नव्हे, थेट पाचाचे चार करण्यापासून सुरुवात केली.